दोन गोळ्यांची अदलाबदल

धातूचे दोन गोळे आहेत. मोठ्याची त्रिज्या १० सेंटिमीटर, लहानाची फक्त १ सेंटिमीटर. दोन्ही टेफ्लॉनच्या उंच दांड्यांवर बसवलेले आहेत, त्यांच्या केंद्रांमधले अंतर ५० सेंटिमीटर आहे आणि जवळपास दुसरे काहीही नाही. आधी मोठा गोळा १,००० व्होल्टच्या पुरवठ्याला जोडला आणि लहान गोळा तारेने अर्थिंगला. लहान गोळ्याला कोणी प्रभार दिलेला नाही, तरी त्याच्यावर थोडा ऋण प्रभार येतो. मग जोडण्या उलट केल्या. लहान गोळा १,००० व्होल्टवर, मोठा अर्थिंगला. आता मोठ्या गोळ्यावर ऋण प्रभार येतो.

या दोनपैकी कोणत्या वेळी आलेला प्रभार जास्त?

वाद दोन्ही बाजूंनी घालता येतो. एक पक्ष म्हणेल, मोठा गोळा त्याच व्होल्टला दसपट प्रभार धरतो, म्हणून तो उगम असताना परिणामही मोठा व्हायला हवा. दुसरा पक्ष म्हणेल, मोठ्या गोळ्याचे पृष्ठफळ शंभरपट आहे, त्यामुळे तो ग्राहक असताना त्याच्यावर जास्त प्रभार गोळा होईल. उत्तर असे की दोन्ही वेळा प्रभार सारखाच येतो, सुमारे ०.२२ नॅनोकूलॉम. हा सारखेपणा अंदाजाचा नाही, तो तंतोतंत आहे. गोळ्यांच्या जागी एकीकडे पत्र्याचा डबा आणि दुसरीकडे वेडीवाकडी तार ठेवली, तर आकडा बदलेल, पण अदलाबदल केल्यावर तो बदललेला आकडाही तसाच राहील. स्थितिक विद्युतशास्त्रात याला पारस्परिकतेचे प्रमेय म्हणतात आणि त्याला जॉर्ज ग्रीन यांचे नाव जोडलेले आहे.

अर्थ केलेल्या गोळ्यावर प्रभार येतोच कसा, हे आधी पाहायला हवे. १,००० व्होल्टचा मोठा गोळा आपल्या भोवतीच्या सगळ्या जागेत विभव निर्माण करतो. गोळ्यापासून दूर जावे तसे हे विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. केंद्रापासून १० सेंटिमीटरवर, म्हणजे गोळ्याच्या पृष्ठभागावर, ते १,००० व्होल्ट आहे, तर ५० सेंटिमीटरवर २०० व्होल्ट. लहान गोळा नेमका तिथे आहे, पण तो जमिनीशी जोडलेला असल्याने त्याचे विभव शून्यच असले पाहिजे. ते शून्य राखण्यासाठी जमिनीकडून इलेक्ट्रॉन तारेतून वर चढतात आणि गोळ्यावर बसतात. इतके इलेक्ट्रॉन बसतात, की त्यांच्यामुळे गोळ्याचे विभव बरोबर २०० व्होल्टने खाली येते. १ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्याचे विभव २०० व्होल्टने उतरवायला लागणारा ऋण प्रभार ०.२२ नॅनोकूलॉम. हाच प्रवर्तित प्रभार.

उलट मांडणीत लहान गोळ्याचे १,००० व्होल्ट फार लवकर विरून जातात. ५० सेंटिमीटरवर त्यांतले २० व्होल्टच उरतात. पण तिथे आता मोठा गोळा आहे, आणि त्याचे विभव एका व्होल्टने उतरवायला लहान गोळ्याच्या दसपट प्रभार लागतो. व्होल्ट एक दशांश झाले, प्रभाराची गरज दसपट झाली, आणि उत्तर पुन्हा ०.२२ आले.

या हिशेबात थोडे सुलभीकरण आहे. लहान गोळ्यावर आलेला प्रभार उलट मोठ्या गोळ्यावरचा प्रभारही किंचित वाढवतो आणि ती दुरुस्ती धरली तर आकडा ०.४ टक्क्याने वर जातो. मात्र ती दुरुस्तीही दोन्ही मांडण्यांत एकसारखीच आहे. गोळ्यांच्या बाबतीत हा जुळणारा गुणाकार डोळ्यांना दिसतो. डबा आणि वाकडी तार यांच्या बाबतीत असे कुठलेही सोपे सूत्र नाही, तरी बरोबरी टिकते. तिचे कारण गोळ्यांच्या भूमितीच्या पलीकडे असले पाहिजे.

ते कारण ज्याच्या नावाने ओळखले जाते तो माणूस नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटन गावात पवनचक्की चालवत होता. जॉर्ज ग्रीन यांचा जन्म १७९३चा. वडील पाव भाजण्याचा धंदा करत, पुढे त्यांनी धान्य दळायची पवनचक्की उभारली. ग्रीन यांचे लहानपणीचे शालेय शिक्षण जेमतेम वर्ष-सव्वा वर्षाचे. उरलेले गणित त्यांनी स्वतः वाचून मिळवले. १८२३मध्ये ते नॉटिंगहॅमच्या वर्गणीदार ग्रंथालयाचे सभासद झाले आणि पाच वर्षांनी, १८२८मध्ये, वीज आणि चुंबकत्व यांना गणिती विश्लेषण लावणारा एक निबंध त्यांनी वर्गणीतून छापून घेतला. ५१ जणांनी वर्गणी भरली होती. त्यांतल्या बहुतेकांना आतले गणित कळण्याजोगे नव्हते.

‘विभव’ ही राशी विजेच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणून तिला नाव देण्याचे काम या निबंधाने केले. ग्रीन चाळिशीत केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेले आणि १८४१मध्ये वारले. तोपर्यंत निबंधाची कोणी फारशी दखल घेतली नव्हती. १८४५च्या जानेवारीत विल्यम थॉमसन या तरुणाला, पुढच्या काळातल्या लॉर्ड केल्विनना, त्यांचे शिक्षक विल्यम हॉपकिन्स यांच्याकडून त्याच्या प्रती मिळाल्या. थॉमसन त्या घेऊन पॅरिसला गेले, तिथल्या गणितज्ञांना दाखवल्या, आणि नंतर जर्मनीतल्या क्रेलेच्या गणितपत्रिकेत निबंध पुन्हा छापून आणला. मॅक्सवेल यांनी १८७३च्या आपल्या ग्रंथात वाहकांच्या समूहासाठी ही सममिती व्यवस्थित मांडली आणि तिथून ती पाठ्यपुस्तकांत आली.

सिद्धतेसाठी फक्त दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. एका प्रभारकणामुळे दुसऱ्या जागी निर्माण होणारे विभव त्या दोन जागांमधल्या अंतरावर अवलंबून असते, ही पहिली. स्थिर अवस्थेत एका वाहकावर सगळीकडे विभव एकच असते, ही दुसरी.

आता दोन्ही प्रयोगांतले प्रभार बारीक कणांत विभागले आहेत असे समजू. पहिल्या प्रयोगातले कण दोन्ही गोळ्यांवर विखुरलेले आहेत, दुसऱ्या प्रयोगातलेही. दुकानातल्या खतावणीसारखा एक मोठा तक्ता आखायचा. प्रत्येक आडव्या ओळीला पहिल्या प्रयोगातला एक कण, प्रत्येक उभ्या रकान्याला दुसऱ्या प्रयोगातला एक कण. प्रत्येक चौकटीत त्या दोन कणांच्या प्रभारांचा गुणाकार त्यांच्यामधल्या अंतराने भागून लिहायचा. हे दोन प्रयोग एकाच वेळी कधीच अस्तित्वात नव्हते, पण हिशेबाला त्याने काही अडत नाही.

सगळ्या तक्त्याची बेरीज ओळीने केली काय किंवा रकान्याने केली काय, एकच येणार. ओळीने बेरीज केली, तर पहिल्या प्रयोगातला प्रत्येक कण दुसऱ्या प्रयोगातल्या विभवाने गुणला जातो. ते विभव एका गोळ्यावर सगळीकडे सारखे असल्यामुळे कणांचा तपशील नाहीसा होतो आणि फक्त गोळ्याचा एकूण प्रभार गुणिले गोळ्याचे विभव एवढेच उरते. रकान्याने बेरीज केली, तर दुसऱ्या प्रयोगातले प्रभार पहिल्या प्रयोगातल्या विभवांनी गुणले जातात. दोन्ही बेरजा समान ठेवल्या, की प्रमेय तयार होते:

Q₁V₁′ + Q₂V₂′ = Q₁′V₁ + Q₂′V₂

इथे १ म्हणजे मोठा गोळा, २ म्हणजे लहान, आणि वर तिरकी रेघ दिलेल्या राशी दुसऱ्या प्रयोगातल्या. पहिल्या प्रयोगात लहान गोळ्याचे विभव शून्य होते, दुसऱ्यात मोठ्याचे. त्यामुळे डाव्या बाजूचे पहिले पद शून्य होते आणि उजव्या बाजूचे दुसरे. उरते ते एवढेच, की लहान गोळ्यावर आलेला प्रभार गुणिले १,००० हे मोठ्या गोळ्यावर आलेल्या प्रभार गुणिले १,००० इतके आहे.

सुरुवातीच्या वादाचा निकालही याच ओळीत लागतो. मोठा गोळा उगम असताना त्याच्यावर ११ नॅनोकूलॉम होते, लहान उगम असताना त्याच्यावर १.१. मोठ्याकडे दसपट प्रभार असूनही त्याचा परिणाम दसपट का झाला नाही? कारण उगमाचा स्वतःचा प्रभार दुसऱ्या प्रयोगातल्या शून्य विभवाने गुणला गेला आणि हिशेबातून गळून पडला. ज्या राशीवर पहिला पक्ष भर देत होता, ती राशी समीकरणात उरतच नाही. पृष्ठफळ तर त्यात मुळातच नव्हते.

प्रमेय वापरताना सर्वात जास्त चूक होते ती अदलाबदल नेमकी कशाची करायची याबाबत. व्होल्ट सारखे ठेवून अदलाबदल केली, तर प्रवर्तित प्रभार सारखे येतात. उगमावरचा प्रभार सारखा ठेवून केली, तर येत नाहीत. मोठ्या गोळ्याला १ नॅनोकूलॉम दिला आणि लहान गोळा अर्थ केला, तर लहानावर ०.०२ नॅनोकूलॉम येतो. लहानाला १ नॅनोकूलॉम दिला आणि मोठा अर्थ केला, तर मोठ्यावर ०.२ येतो. दसपट फरक पडला, पण त्याने प्रमेय मोडत नाही. त्याने हे वचन कधी दिलेच नव्हते.

प्रभार सारखा ठेवायचा असेल, तर समोरच्या गोळ्याचे अर्थिंग काढून तो मोकळा सोडायला हवा आणि त्याचे विभव मोजायला हवे. मोठ्या गोळ्यावर १ नॅनोकूलॉम ठेवला, की तो स्वतः ९० व्होल्टवर जातो आणि ५० सेंटिमीटरवरचा प्रभाररहित लहान गोळा १८ व्होल्टवर. तोच १ नॅनोकूलॉम लहान गोळ्यावर ठेवला, की तो स्वतः ९०० व्होल्टवर जातो, पण मोठा, प्रभाररहित गोळा मात्र पुन्हा १८ व्होल्टवरच. उगमाच्या विभवात दसपट फरक असूनही समोर तोच आकडा दिसतो. थोडक्यात, व्होल्ट देऊन प्रभार मोजायचा असेल तर ग्राहक अर्थ केलेला हवा, आणि प्रभार देऊन व्होल्ट मोजायचे असतील तर ग्राहक मोकळा हवा. यांची सरमिसळ झाली, की उत्तरे जुळत नाहीत.

व्होल्ट देऊन प्रभार मोजण्याचा प्रकार आज कोट्यवधी लोकांच्या खिशात आहे. मोबाइलच्या काचेखाली पारदर्शक वाहकपट्ट्यांची आडवी-उभी जाळी असते. एका दिशेच्या पट्टीला व्होल्टचा झटका दिला जातो आणि तिला छेदणाऱ्या दुसऱ्या पट्टीवर आलेला प्रभार मोजला जातो. बोट जवळ आले, की काही क्षेत्ररेषा बोटाकडे वळतात आणि मोजलेला प्रभार घटतो. यातल्या कोणत्या पट्ट्यांना झटका द्यायचा आणि कोणत्या मोजायच्या, याचा निर्णय करताना छेदबिंदूवरच्या संकेताचा विचार करावा लागत नाही, कारण तेवढ्याच व्होल्टला तो दोन्ही प्रकारे सारखाच असतो. निर्णय होतो तो गोंगाटावरून. खाली असलेल्या पडद्याचा विद्युत गोंगाट मोजणाऱ्या पट्ट्यांना कमीत कमी लागावा, हा प्रश्न मात्र सममित नाही.

याच बरोबरीतून संरक्षक जाळीची एक महत्त्वाची गोष्ट निघते. नाजूक उपकरणाभोवती अर्थ केलेला धातूचा डबा घातला, तर बाहेरच्या उच्च दाबाच्या तारेचा आतल्या उपकरणावर प्रभार येत नाही. मग प्रमेय सांगते, की आतले उपकरण उच्च दाबावर नेले तर बाहेरच्या तारेवरही प्रभार येणार नाही. बाहेरच्याला आत येऊ न देणारा डबा आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही, आणि तेही त्याच प्रमाणात. डब्याला भोक असेल आणि त्यातून हजारावा हिस्सा आत गळत असेल, तर हजारावाच हिस्सा बाहेर गळतो. म्हणून एखाद्या डब्याचे संरक्षण तपासायचे असेल आणि आतले उपकरण फार नाजूक असेल, तर त्या जागी एक साधी वाहक चकती ठेवून तिला व्होल्ट द्यावेत आणि बाहेर प्रभार मोजावा. भूमिती तीच असली, की आकडा तोच मिळतो. फक्त डबा दोन्ही वेळा अर्थिंगला पक्का जोडलेला असला पाहिजे. मोकळा सोडलेला डबा आतला परिणाम इमानेइतबारे बाहेर पोचवतो, हे फॅराडे यांनी १८४३मध्ये बर्फाच्या बादलीच्या प्रयोगात दाखवले होते.

प्रमेयाची खरी ताकद दिसते ती दोनपैकी एक वाहक आकुंचित करून बिंदूएवढा केल्यावर. अर्थ केलेल्या गोळ्यासमोर एक बिंदूप्रभार ठेवला आहे. गोळ्यावर एकूण किती प्रभार येईल? सरळ मार्गाने जायचे तर आधी गोळ्यावर प्रभार कसा पसरतो ते शोधावे लागते. प्रभाराच्या समोरच्या बाजूला तो दाट असतो, मागे विरळ. ती सगळी वाटणी काढून तिची बेरीज करायची.

तक्त्याच्या हिशेबाने हा सगळा व्याप टळतो. दुसरी अवस्था म्हणून बिंदूप्रभार काढून टाकायचा आणि गोळा १ व्होल्टवर न्यायचा. आता बिंदूप्रभाराच्या जागी किती विभव आहे? गोळ्याची त्रिज्या भागिले केंद्रापासूनचे अंतर, तितके व्होल्ट. गोळा १० सेंटिमीटरचा आणि जागा ५० सेंटिमीटरवर असेल, तर ०.२ व्होल्ट. झाले. गोळ्यावर येणारा प्रभार हा बिंदूप्रभाराच्या ०.२ पट, उलट चिन्हाचा. तो गोळ्यावर कसा पसरला आहे हे एकदाही विचारावे लागले नाही. वर लहान गोळ्यावरच्या १ नॅनोकूलॉमसमोर मोठ्या गोळ्यावर ०.२ आला होता, तो याच नियमाने.

हीच युक्ती १९३०च्या दशकाच्या शेवटी दोन अमेरिकी संशोधकांनी हलत्या इलेक्ट्रॉनला लावली. बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम शॉक्ली यांचा लेख १९३८चा, सायमन रेमो यांचा १९३९चा. निर्वात नळीत इलेक्ट्रॉन एका पट्टीकडून दुसरीकडे जात असताना बाहेरच्या तारेत प्रवाह केव्हा आणि किती वाहतो, हा प्रश्न होता. इलेक्ट्रॉन पट्टीवर आदळला की प्रवाह येतो, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन हलायला लागतो त्याच क्षणी प्रवाह सुरू होतो, कारण तो जसा सरकतो तसा पट्टीवरचा प्रवर्तित प्रभार बदलतो आणि तो बदल तारेतून वाहतो.

इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक जागेसाठी पट्टीवरचा प्रभार नव्याने काढत बसणे अशक्यप्राय काम झाले असते. शॉक्ली-रेमो पद्धतीत एकच नकाशा काढला जातो. इलेक्ट्रॉन बाजूला ठेवायचा, ज्या पट्टीचा प्रवाह हवा तिला १ व्होल्ट द्यायचा, बाकी सगळे वाहक शून्यावर, आणि जागोजागीच्या विभवाची नोंद करायची. या नकाशात इलेक्ट्रॉनच्या जागी ०.३ लिहिलेले असेल, तर पट्टीवर त्याच्या प्रभाराच्या ०.३ पट, उलट चिन्हाचा प्रभार आहे. इलेक्ट्रॉन ०.३वरून ०.८वर सरकला, की तारेतून निम्मा प्रभार वाहून गेला. इलेक्ट्रॉनला प्रत्यक्षात हलवणारे क्षेत्र वेगळे असते, आणि या दोन नकाशांत गफलत करणे ही शोधकांची रचना शिकणाऱ्यांची नेहमीची चूक आहे. मार्ग ठरवायला खरे व्होल्ट लागतात, तर संकेत ठरवायला हा कल्पित १ व्होल्टचा नकाशा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा विश्वकिरणांचा प्रयोग उटीला चालतो. तिथे म्युऑन कण टिपण्यासाठी हजारो प्रमाणी गणक वापरले जातात. प्रत्येक गणक म्हणजे ६ मीटर लांबीची, सुमारे १० सेंटिमीटर रुंद चौकोनी पोलादी नळी, आत वायू आणि मधोमध एक बारीक तार. म्युऑन वायूतून गेला, की थोडे इलेक्ट्रॉन सुटतात, तारेकडे धावतात, आणि तारेच्या अगदी जवळच्या तीव्र क्षेत्रात त्यांचा गुणाकार होऊन हजारो इलेक्ट्रॉन आणि तितकेच धन आयन तयार होतात. तारेवर मिळणारा संकेत मुख्यतः कोणाचा? इलेक्ट्रॉन तारेवर येऊन बसतात, म्हणून तो त्यांचा असेल असे वाटते.

अशा रचनेचा १ व्होल्टचा नकाशा काढून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून नळी गोल धरू, आतली त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि तारेची ५० मायक्रोमीटर, म्हणजे हजारपट लहान. या नकाशातले विभव तारेवर १ आणि नळीच्या भिंतीवर ० आहे, आणि मधे ते लॉगॅरिदमने घटते. म्हणजे केंद्रापासूनचे अंतर दुप्पट झाले, की विभव दर वेळी सारख्याच मापाने कमी होते. ५० मायक्रोमीटरपासून ५ सेंटिमीटरपर्यंत साधारण दहा वेळा दुप्पट करावे लागते. म्हणून प्रत्येक दुपटीला एक दशांश संकेत.

गुणाकार होतो तो तारेला लगटून, पहिल्याच दुपटीच्या आत. इलेक्ट्रॉनांना उरलेले अंतर इतके थोडे असते, की त्यांच्या वाट्याला संकेताचा एक दशांशही येत नाही. आयन मात्र नकाशाचा सगळा उतार उतरून भिंतीपर्यंत जातात, म्हणून नव्वद टक्क्यांहून जास्त संकेत त्यांचा. पहिल्या ५० मायक्रोमीटरच्या प्रवासात जेवढा संकेत मिळतो, तेवढाच शेवटच्या अडीच सेंटिमीटरमध्ये. तारेजवळ क्षेत्र तीव्र असल्याने आयन तिथे भराभर जातात आणि पुढे रेंगाळतात. त्यामुळे संकेत झपाट्याने चढतो आणि मग बराच वेळ हळूहळू वाढत राहतो. संकेताचा हा आकार ओळखूनच वर्धकाची वेळ ठरवावी लागते. खूप लवकर नोंद बंद केली, तर मोठा हिस्सा हातचा जातो.

हे प्रमेय प्रयोगशाळेत तपासायचे ठरवले, तर पहिल्याच प्रयत्नात बहुधा आकडे जुळत नाहीत, आणि दोष सहसा तारांचा असतो. १,००० व्होल्टचा पुरवठा गोळ्यापर्यंत नेणारी उघडी तारही १,००० व्होल्टवर असते, म्हणजे ती उगमाचाच भाग आहे. अदलाबदल करताना ती तार एका गोळ्यावरून काढून दुसऱ्याला लावली, तर वाहकांचे आकारच बदलले आणि दोन वेगळ्या रचनांची तुलना झाली. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: गोळा दांडीवरून काढून नुसती तार तिथे ठेवली तरी इलेक्ट्रोमीटर काही प्रभार दाखवतो. उपाय असा, की दोन्ही गोळ्यांना अर्थ केलेल्या आवरणाच्या केबल कायमच्या जोडून ठेवायच्या आणि अदलाबदल फक्त दूरच्या टोकाला, पुरवठा आणि इलेक्ट्रोमीटर यांच्याशी करायची.

दुसरा त्रास दांड्यांचा. टेफ्लॉनवर कापड घासले गेले, की त्यावर प्रभार अडकून राहतो आणि तो प्रत्येक वाचनात मिसळतो. पुरवठा +१,०००वर असताना आणि −१,०००वर असताना येणारी वाचने चिन्ह सोडून सारखी हवीत. ती नसतील तर कुठेतरी प्रभार अडकला आहे. दोन वाचनांच्या फरकाचा निम्मा हिस्सा घेतला, की अडकलेल्या प्रभाराचा भाग वजा होतो. पावसाळ्यात दांड्यांवर ओलाव्याचा थर बसतो आणि वाचन स्थिर न राहता सरकत जाते. तिथे हिशेबाची युक्ती चालत नाही, दांड्या पुसून कोरड्या कराव्या लागतात.

टेबल, भिंती आणि प्रयोग करणारा माणूस यांचे मात्र प्रमेयाला वावडे नाही. जवळ असलेली अर्थ केलेली वस्तू बऱ्याच क्षेत्ररेषा स्वतःकडे खेचते आणि ०.२२चा आकडा खाली आणते, पण दोन्ही वेळा सारखाच. समीकरणात तिचे विभव दोन्ही अवस्थांत शून्य असल्याने तिची पदे नाहीशी होतात. मोकळी, प्रभाररहित वस्तू असेल तर तिचा प्रभार शून्य असल्याने पदे जातात. अट एवढीच, की जी वस्तू पहिल्या वेळी अर्थ केलेली होती ती दुसऱ्या वेळीही तशीच हवी, आणि माणूस जिथे उभा होता तिथेच उभा हवा.

प्रमेयाची खरी मर्यादा गोळ्यांमधल्या पदार्थात आहे. हवा, काच, तेल, प्लास्टिक चालतात, कारण त्यांत क्षेत्र दुप्पट केले की प्रतिसादही दुप्पट होतो. बेरियम टायटॅनेटच्या सिरॅमिकमध्ये तसे होत नाही. त्याची धारिता लावलेल्या व्होल्टप्रमाणे बदलते, त्यामुळे एका बाजूला १,००० व्होल्ट दिल्यावरचा पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला दिल्यावरचा पदार्थ हे एकसारखे राहत नाहीत. बेरजेचा तक्ता इथे आखताच येत नाही.

तरीही बरोबरीचा एक अंश उरतो, आणि तो दुसऱ्या सिद्धतेतून दिसतो. आधी एका वाहकाला प्रभार देऊन मग दुसऱ्याला दिला, किंवा उलट क्रमाने दिला, तरी शेवटी साठलेली ऊर्जा एकच असली पाहिजे. नाहीतर एका क्रमाने भरून दुसऱ्या क्रमाने रिकामे करत फुकट ऊर्जा काढता आली असती. या युक्तिवादाला पदार्थ सरळ प्रमाणात वागण्याची गरज नाही. दोन्ही वाहक ठरावीक व्होल्टवर स्थिर ठेवून त्यांतल्या एकाला अगदी लहानसा जादा व्होल्ट दिला, आणि मग तोच जादा व्होल्ट दुसऱ्याला दिला, तर समोरच्या प्रभारातला बदल पुन्हा सारखा येतो. पदार्थात हिस्टेरेसिस असेल, म्हणजे प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जात असेल, तर साठलेल्या ऊर्जेचा एकच आकडा सांगता येत नाही आणि ही उरलेली बरोबरीही हातची जाते.